एका मालकांस अनावृत पत्र

मा. मालकसाहेब,
स. न. वि. वि.

पत्र लिहायला बसलो आणि सवयीने 'विषय : तक्रार' असं लिहून मोकळा झालो. काय करणार? गेली तीस वर्षं मी खड्डे, कचरा आणि नळाला न येणारं पाणी यांवर वर्तमानपत्रांना पत्रं पाठवतोय. 'त्वरित दखल घ्यावी' हे वाक्य मी झोपेतही लिहीन. कौतुकाचं पत्र मात्र हे पहिलंच, तेव्हा हात अडखळला तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी सवातीनला कोल्हापुरात तुमच्या हॉटेलात आम्ही सहाजण आलो. शटर अर्धं खाली होतं. बरोबर नवे जावई होते, पुण्याचे. जावयांसमोर आपण अस्सल कोल्हापुरी आहोत हे सिद्ध करायची संधी मी सोडणार होतो थोडाच? (कोल्हापूर सोडून मला अडतीस वर्षं झाली, हे जावयांना सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं.) ताट यायच्या आत माझं पांढऱ्या रश्श्यावरचं व्याख्यान सुरू झालं.

तुम्हालाही थोडं ऐकवतो. मटण शिजवलेलं पाणी, म्हणजे अळणी, हा दोन्ही रश्श्यांचा पाया. तांबड्यात मग चटणी पडते, आणि चटणी काय, सगळं झाकून नेते. पांढऱ्याला लपायला जागा नाही. खसखस, तीळ, काजू बारीक वाटायचे, खडा मसाला तुपात परतायचा, त्यात अळणी ओतायचं आणि शेवटी नारळाचं दूध. इथेच घात होतो. दूध पडल्यावर खळखळून उकळी आली की रस्सा फुटतो. वर तेल, खाली पाणी आणि मध्ये ताकासारखे कण. हळद सैल हाताने पडली तर तो पिवळा होतो, ते वेगळंच. मी स्वतः दिवाळीत एकदा केला होता. पाहुण्यांनी 'कढी छान झालीय' म्हणून दुसऱ्यांदा मागितली. मी वाढली. कढी म्हणूनच.

म्हणून सवातीनला, पंगती उठून गेल्यावर, वाटीत सायीसारखा एकजीव रस्सा आला तेव्हा मी उठून थेट भटारखान्याच्या दारात गेलो. आतल्या मावशी म्हणाल्या, "सगळ्या पातेल्यात एकदम दूध वतायचंच न्हाई. अळणी येगळं, दूध येगळं. ईस माणसांपुरतं मिसळायचं. कडंनं बुडबुडं आलं की उतरायचं. तवर भांड्याकडं पाठ करायची न्हाई." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. समोर पातेलं होतं.

बघा, पुन्हा रश्श्यातच अडकलो. त्या दिवशीही हेच झालं.

माझं व्याख्यान चाललं असताना आई जेवत नव्हती. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिची वरची कवळी पुण्यात फडताळावर राहिली होती. नव्या जावयांसमोर सांगायचं कसं, म्हणून ती पदर तोंडाशी धरून भाकरीचे तुकडे ताटात इकडून तिकडे करत बसली होती. मी शेजारीच होतो. मला दिसलं नाही. तुमच्या वाढणाऱ्या मुलाला दिसलं.

तो काही बोलला नाही. "ताट गार झालंय, बदलून देतो," एवढं म्हणून आईचं ताट घेऊन गेला. परत आणलं ते आमच्यासारखंच दिसणारं ताट. दोन्ही रस्से, दह्यातला कांदा, सगळं जागच्या जागी. फक्त मोठ्या वाटीत भाकरी अळणीत कुस्करलेली होती आणि त्यात हाडावरून सोडवलेलं मऊ मटण. वाटी ठेवताना हळूच म्हणाला, "आजी, मीठ बघा." बाकी टेबलाला काही कळलं नाही. मला आईने रात्री गाडीत सांगितलं. पुण्यात ती अर्ध्या चपातीवर उठते. तुमच्याकडे तिने दोन वाट्या घेतल्या. तीस वर्षं मी गावाला दखल घ्या, दखल घ्या म्हणून सांगतोय आणि माझ्या शेजारच्या ताटाची दखल दुसऱ्यानेच घेतली.

मालकसाहेब, तुमच्या बिलावर हॉटेलचं नाव, दोन फोन नंबर आणि जीएसटी क्रमांक आहे. भिंतीवर तुमच्या वडिलांचा हार घातलेला फोटो आहे. या दोघांचं नाव मात्र कुठेच नाही. मी विचारलं तर दोघंही "मालकांना सांगा" एवढंच म्हणाले. म्हणून तुम्हाला सांगतोय.

हे पत्र फ्रेम करून गल्ल्यामागे लावू नका. आत जाऊन दोघांना वाचून दाखवा. फक्त मावशींनी नारळाचं दूध घातलेलं असेल, तर रस्सा उतरेपर्यंत थांबा.

कळावे,
आपला,
एक (माजी) कोल्हापूरकर