‘मी बघतो’चे तास

बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवरच्या कुठल्याही सॉफ्टवेअर ऑफिसात दर दुसऱ्या सोमवारी पुढच्या दोन आठवड्यांची कामं वाटायची बैठक भरते. मॅनेजर विचारतो, “हे कोण घेतंय?” लगेच सगळ्यांना लॅपटॉपमध्ये काहीतरी अत्यंत तातडीचं दिसू लागतं. ती शांतता ज्याला सोसवत नाही, तो म्हणतो, “मी बघतो.”

आमच्याकडे हे म्हणणारा बेळगावचा आहे. कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी चारही भाषा घरच्यासारख्या, त्यामुळे सर्व्हर बंद पडला तरी त्याला बोलावतात आणि वॉचमनने टेम्पो अडवला तरी त्यालाच. असा माणूस टीममध्ये असला की कामाची वाटणी आपोआप होते, म्हणजे होतच नाही.

गेल्या गणपतीच्या सुमारास एका स्प्रिंटमध्ये त्याची कामं रखडली आणि “हल्ली जरा स्लो झालाय” अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा कुणीतरी शहाणपणा करून त्याचे तास मांडले. दहा दिवसांतून चतुर्थीची सुट्टी गेली, उरले ९ दिवस, ७२ तास. त्यातून बैठकांचे १२ वजा केले की ६०. इथपर्यंत सगळ्यांचा हिशेब सारखाच, आणि बहुतेक मॅनेजर इथेच थांबतात. खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्यांचा कोड तपासण्यात त्याचा रोज दीड तास जात होता, म्हणजे साडेतेरा. नव्या मुलीला शिकवायला रोज एक, म्हणजे ९. रात्री-अपरात्री वाजणाऱ्या फोनची पाळी त्याच आठवड्यात आली होती, तिचे १०. हाती राहिले साडेसत्तावीस, आणि त्याच्या नावावर कामं होती ४५ तासांची! शेजारच्या खुर्चीवरचा गृहस्थ कुणाचा कोड तपासत नाही, कुणाला शिकवत नाही. किरकोळ कामं वजा जाऊनही त्याच्याकडे ५७ तास मोकळे होते आणि कामं चाळीसची. तो वेळेवर घरी जायचा आणि ‘प्लॅनिंग चांगलं आहे’ म्हणून नावाजलाही जायचा.

बरं, हे साडेसत्तावीसही काठोकाठ भरायचे नसतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने १९०९ मध्ये फोनच्या रांगांचं गणित मांडलं, त्याच घराण्यातला हा हिशेब. एकच खिडकी आहे, गिऱ्हाइकं आपल्या मर्जीने येतात आणि एकेकाला कमी-जास्त वेळ लागतो असं धरा. खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असेल, तर एका कामाला सरासरी जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ रांगेत जातो. तो ९० टक्के गुंतला की नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. आमच्या बेळगावकराच्या खिडकीपुढे सगळ्या टीमचा कोड तपासणीसाठी उभा असतो. तो पूर्ण भरला की त्याच्यामागे बाकीचेही अडकतात आणि सिल्क बोर्ड जंक्शनची संध्याकाळ टीममध्येच अवतरते. म्हणून आता त्याच्या नावावर बावीस तासांचंच काम लिहितात.

एक चकवा मात्र बराच उशिरा लक्षात आला. बऱ्याच टीम तास मोजत बसत नाहीत. गेल्या स्प्रिंटला ३० पॉइंट संपले, तर याही वेळी ३० धरतात. हिशेब सोपा आहे आणि एरवी चालतोही. पण त्या तिसातले सहा ‘मी बघतो’ने शनिवारी रात्री घरी बसून संपवलेले असतील तर? तो शनिवार पुढच्या वेळी कुणालाही न सांगता टीमची क्षमता होऊन बसतो. तिसऱ्या खेपेला तो आजारी पडला की टीमचा ‘वेग घसरतो’ आणि वरचे साहेब कारणं विचारतात. हे ओळखायला डिटेक्टिव्ह लागत नाही. कोड किती वाजता जमा झाला ते सिस्टिममध्ये लिहिलेलं असतं. एकाच नावापुढे रात्री साडेअकरा, पावणेबारा असं वारंवार दिसलं की आकड्यातून ते काम वजा करायचं.

आता बैठकीत आधी प्रत्येकाचे उरलेले तास पडद्यावर लावतात, मग कामं काढतात. “कोण घेतंय?” हा प्रश्नच बाद. (तो तक्ता दर वेळी भरायचं काम कुणी अंगावर घेतलं, ते सांगायला नकोच. त्याचाही एक तास त्याच्या खात्यातून वजा होतो.)

तरी तक्त्याला सगळं कळत नाही. पगाराच्या जुन्या मॉड्यूलमधलं एक काम त्याला सहा तासांत जमतं. ते शेजारच्या गृहस्थांना दिलं, तर त्यांचे चौदा गेले आणि समजावण्यात याचे तीन. म्हणजे सहाच्या जागी सतरा! मॅनेजरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पुढच्या महिन्यात त्याच मॉड्यूलमधलं दुसरं काम आलं, तेव्हा गृहस्थांना आठ तास लागले आणि याला एकच फोन आला. तो त्याने गावी, जेवता जेवता घेतला. त्या फोनचे तास कुठल्या रकान्यात धरायचे, यावर अजून वाद चालू आहे.