पाच गुरुवारांचं देणं

भोसरीत आमचा रविवार गुरुवारी असायचा. विजेचा ताण वाटून घेण्यासाठी औद्योगिक पट्ट्यात आठवडी सुट्टीचे वार वेगवेगळे ठरले होते आणि आमच्या वाट्याला दत्ताचा वार आला होता. पोरांची शाळा चालू असताना बाप घरी, ही पिढीजात चुकामूक.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मार्चअखेरच्या डिस्पॅचसाठी आमच्या कारखान्यातल्या दोनशे चाळीस जणांनी लागोपाठ पाच गुरुवार काम केलं, दोन फेब्रुवारीतले आणि तीन मार्चमधले. परवानगी रीतसर काढली होती. रोजच्या आठ तासांनी आठवड्याचे छप्पन्न झाले; वर दोन दिवस दोन-दोन तास जादा, म्हणजे साठ. त्यापुढे परवानगीही जात नव्हती. मी टाइम ऑफिसात होतो, त्यामुळे हे आकडे मला अजून स्वप्नात पडतात.

शेवटचा ट्रक गेला आणि प्लँट मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. "आभाराचं भाषण लिहून दे. गुरुवारांच्या बदल्यात विश्रांती देतोय, असं जरा मोठ्या मनानं येऊ दे."

"साहेब, मोठं मन १९४८ सालीच दाखवून झालंय," मी म्हणालो आणि फॅक्टरी ॲक्टचं त्रेपन्नावं कलम पुढे ठेवलं. सवलतीमुळे जेवढ्या आठवडी सुट्ट्या बुडाल्या, तेवढ्या त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत परत द्यायच्या. फेब्रुवारीचे दोन गुरुवार एप्रिलअखेर, मार्चचे तीन मेअखेर.

"पण गुरुवारचे दुप्पट पैसे दिलेत की!"

ही गफलत भल्याभल्यांची होते. दुप्पट दर अठ्ठेचाळीस तासांवरच्या घामाचा. तो एकोणसाठाव्या कलमातला. सुट्टी ही शरीराची उधारी, तिचं खातं वेगळं. एक फेडलं म्हणून दुसरं फिटत नाही. साहेबांनी भाषणातला 'बदल्यात' हा शब्द खोडला. खोडताना त्यांचा चेहरा स्वतःच्या खिशातून पैसे गेल्यासारखा झाला होता.

शरीराची उधारी म्हणजे काय, ते चौथ्या आठवड्यात दिसलं होतं. बोअरिंगच्या मशीनवर गेजची 'गो' बाजू आत जायला हवी आणि 'नो-गो' बाजू जाता कामा नये. एका रात्री सेटरनं नुसती 'गो' बाजू घालून पाहिली, गेली, म्हणून टोपली पुढे सरकवली. सकाळी इन्स्पेक्शनला 'नो-गो'सुद्धा सुळ्ळकन आत. भोक मोठं झालं की त्यात पुन्हा धातू भरता येत नाही. सगळी टोपली भंगारात. बिचारा वीस वर्षांचा अनुभवी माणूस. गेज उलटं करायला मनगट फिरवावं लागतं, आणि पहाटे चारला त्याचं मनगट झोपलेलं होतं. या प्रसंगाचा भाषणात उल्लेख करू नये, असं मी सुचवलं. साहेबांनी केला. मात्र सेटरचं नाव घेतलं नाही, "पाळी मी लावली होती, टोपली माझी," एवढंच म्हणाले. कॅन्टीनमध्ये चमच्यांचा आवाज थांबला. अख्ख्या भाषणातलं तेवढं एक वाक्य माझं नव्हतं.

मग घोषणा झाली: प्रत्येकाला पाच दिवस विश्रांती. टाळ्यांची वाट पाहत साहेब थांबले. मागून पॅकिंगचे बापू उठले. "साहेब, भरपगारी का बिनपगारी?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. त्या कलमात पगाराबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि रोजंदारीवरच्या माणसाला बिनपगारी विश्रांती म्हणजे उपासाला निर्जळीचा आग्रह. साहेबांनी पाणी प्यायलं, ग्लास ठेवला आणि म्हणाले, "भरपगारी." मोठं मन दाखवायची जागा कायद्यानं त्यांच्यासाठी नेमकी तिथे मोकळी ठेवली होती. टाळ्या आता पडल्या.

बाराशे दिवसांची ती सुट्टी वाटता वाटता माझी दमछाक झाली. एका दिवशी पंचवीसपेक्षा जास्त माणसं सोडली की लाइन बंद, आणि चैत्रातल्या जत्रा सगळ्या गावांच्या एकदमच. मेमध्ये प्रत्येकाच्या घरी एक लग्न होतं. काहींनी तर एकाच मेहुणीची दोनदा लावली. चार-पाच जण हळूच विचारून गेले, "सुट्टी नको, रोख मिळेल का?" त्यांना नाही म्हणताना मात्र मला वाईट वाटलं.

बापू सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच टाइम ऑफिसात हजर. "घरी बसलो तर ती डबे घासायला लावते. कॅन्टीनला बसू का?" गेटच्या आत दिसलात तर सुट्टी धरता येणार नाही, असं सांगून घालवलं.

तक्त्यावर सही करताना साहेबांनी विचारलं, "आणि माझे पाच गुरुवार?"

"साहेब, हे कलम कामगारांना. तुम्ही व्यवस्थापन."

त्यांनी तक्ता खालपर्यंत वाचला, जणू कुठेतरी आपलं नाव सापडेल. मग सही केली आणि येत्या गुरुवारी जनरेटर सुरू ठेवायचा का, ते विचारलं.