शेऱ्याचा रकाना

आमचे बापूकाका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले त्याला आता 22 वर्षे लोटली. परंतु दुधाच्या वहीपासून देवळाच्या वर्गणीच्या यादीपर्यंत एकही कागद शेऱ्याच्या रकान्यावाचून त्यांनी पुढे सरकू दिल्याचे घरात कोणास स्मरत नाही. अशा गृहस्थाच्या हाती चुलतभावाने नवा मोबाईल दिला आणि त्यात क्रमांक नोंदवून देण्याची जोखीम, मी घराजवळ राहतो एवढ्याच अपराधापायी, माझ्या गळ्यात पडली.

प्रारंभी मी ते काम सर्व पुतणे करतात तसेच केले. "द्या इकडे," म्हणून फोन ओढून घ्यायचा, चार ठिकाणी बोट नाचवायचे आणि "झालं" म्हणून परत द्यायचा. हा विधी सहा-सात वेळा पार पडल्यावर काकांना एवढेच अवगत झाले, की नवा क्रमांक आला म्हणजे पुतण्यास बोलवावे. तेव्हा एका रविवारी मी मनाशी प्रतिज्ञा केली, की प्रलय झाला तरी आपण त्या फोनास स्पर्श करावयाचा नाही. आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून खुर्चीच्या मागे उभा राहिलो. शिकवण्यात कठीण भाग असेल तर तो हाच.

त्या दिवसाचे प्रकरण नळवाल्याचे होते. क्रमांक हाताने टिपू गेल्यास एखादा आकडा हमखास इकडचा तिकडे होतो, म्हणून त्यालाच आम्हांला एक मिस्ड कॉल देण्यास सांगितले. आलेल्या-गेलेल्या फोनांच्या यादीत तो सर्वांत वर उमटला. "त्यावर हलकेच टेकवा," मी म्हणालो. काकांनी बोट टेकवले, ते मात्र 34 वर्षे कचेरीचा शिक्का मारलेल्या हाताने. दाबले, अंमळ थांबले, शाई नीट उतरली असेल अशी खात्री करून मगच उचलले. फोनला हा प्रदीर्घ दाब म्हणजे निराळाच हुकूम वाटतो आणि तो क्रमांकाची नक्कल करू का, यादीतून काढून टाकू का, असे भलतेच प्रश्न विचारू लागतो. "शिक्का नव्हे, काका. कुंकू लावल्यासारखं." हे मात्र एका क्षणात साधले.

पुढे दोन दरवाजे लागतात: `Create new contact` आणि `Add to existing`. काकांनी चष्मा सारखा करून दोन्ही वाचले आणि निःशंकपणे दुसरा उघडला. "अरे, हा इसम अस्तित्वात आहे. मी त्याला नवा कसा निर्माण करणार?" हा युक्तिवाद इतका बिनतोड होता, की मी प्रतिवाद जुळवीपर्यंत त्यांनी समोर आलेल्या यादीतल्या पहिल्याच नावावर कुंकू लावले, आणि नळवाल्याचा क्रमांक आमच्या व्याह्यांच्या नावाखाली दाखल झाला. मी मुद्दामच गप्प राहिलो. चुकीचे फळ दिसल्याखेरीज चूक कळत नाही. दुसऱ्या दिवशी नळवाल्याचा फोन आला तेव्हा पडद्यावर व्याह्यांचे नाव झळकले. काकांनी आवाज मृदू करून "या, या, जेवायलाच या, घर आपलंच आहे" असे अगत्य केले, आणि तो सज्जन खरोखरच पाना-पकडीसह पानावर येऊन बसला. तेव्हापासून काका पहिलाच दरवाजा उघडतात. व्याह्यांच्या खात्यातला तो क्रमांकही त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला.

आता नाव. काकांच्या मते कोणाही माणसास 'श्री.' लावल्याविना दप्तरात घेणे हा असभ्यपणा होय. परिणामी अख्खे गाव 'श' या एका अक्षराखाली दाटीवाटीने राहू लागले आणि शोधाच्या जागी 'श्री' लिहिले असता भटजींपासून भंगारवाल्यापर्यंत सगळे एकदम हजर होऊ लागले. ज्या शब्दाने आपण त्या माणसाला हाक मारतो किंवा त्याचे जे काम आपल्याला पडते, तोच शब्द आधी लिहावा, हे त्यांना पटवण्यात माझी दुपार गेली. अखेर 'नळवाला' लिहिण्यास ते राजी झाले, आणि लगेच मान वर करून विचारते झाले, "शेरा कुठं लिहायचा?"

"शेरा नसतो, काका."

"रकाना नसेल. शेरा असतोच."

आणि त्यांनी तो नावापुढेच लिहिला: 'नळवाला आगाऊ देऊ नये'. नोंद कोठे ठेवायची, या प्रश्नावर त्यांनी माझ्या नकळत सिमकार्ड निवडले होते. सिमवर नावाला जागा फार तोकडी, त्यामुळे वाक्य मध्येच तुटले. आणि तीन आठवड्यांनी फोनमध्ये पाहतात तो शिल्लक होते ते एवढेच: 'नळवाला आगाऊ दे'. काकांनी 500 रुपये आगाऊ दिले. मी संतापलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "लेखी होतं." नळवाला पुढे कित्येक दिवस फिरकला नाही. मग नोंदी सिमवर न ठेवता गूगलच्या खात्यात ठेवण्याचा ठराव झाला. तेथे नावाला ऐसपैस जागा मिळते आणि फोन बिघडला तरी दप्तर शाबूत राहते.

शेवटची अडचण `Save` या शब्दाची. तो कोपऱ्यात गप्प बसलेला असतो, आणि काका नोंद लिहून झाली की वही मिटावी तसे मागे फिरत. मग मी नियम घातला, की नोंद करणाऱ्याने स्वतःच पडताळणी करावी: फोन पार बंद करून पुन्हा उघडावा, नाव शोधावे, लावून पाहावे आणि पलीकडे योग्य माणूस बोलला तरच नोंद मंजूर समजावी. तलाठ्याने घातलेला फेरफार मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याखेरीज पक्का होत नाही, हे ज्यांना तोंडपाठ, त्यांना हा नियम अर्ध्या वाक्यात समजला. आता काका नोंद करतात आणि प्रमाणितही करतात; गावातली माणसे मात्र "बापूसाहेब, पुन्हा काय झालं?" म्हणून कावली आहेत.

आणि मग मला एके दिवशी, सर्व रकाने उघडणाऱ्या बटणाखाली अगदी तळाशी, `Notes` सापडला. मला वाटले होते काका विजयोत्सव करतील. ते नुसते म्हणाले, "असणारच होता," आणि पुढचे दोन महिने शेरे लिहीत बसले.

परवा त्यांना डुलकी लागली असता मी ते दप्तर चाळले. 'भाजीवाली: सुट्टे पैसे न्यावेत.' 'डॉक्टर: खरे सांगतात.' माझ्या नावाखाली: 'घाई करतो. बोलावल्यास येतो.' खाली त्यांच्या कचेरीतले स्नेही दामूअण्णा होते, ज्यांना जाऊन दीड वर्ष झाले. "हे नाव काढायला शिकवू का?" मी ते जागे झाल्यावर विचारले. "वारस लागल्याशिवाय नाव कमी होत नाही," काका म्हणाले, आणि जरा थांबून त्यांनी सांगितले, की मागच्या महिन्यात त्यांनी तो क्रमांक उगाच लावून पाहिला होता. बंद पडलेले क्रमांक कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. फोन एका मुलाने उचलला. नुकताच नोकरीस लागलेला, खोलीवर एकटा राहणारा. पहिल्यांदा तो वैतागला, मग दहा मिनिटे बोलला, आणि आता कधीमधी तोच लावतो.

मी शेरा उघडला. 'मूळ कब्जेदार कै. दामूअण्णा. हल्ली वहिवाट एका मुलाची. आवाज चांगला.'

"एक विचारायचं राहिलं होतं," काका चष्मा शोधीत म्हणाले. "यात सामाईक खातं लावता येतं का रे?"