तुमच्यासकट फ्लॅट विकला आहे

कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरील आमचे भाडेकरू यांस,

स. न. वि. वि.

आपण राहता तो फ्लॅट मी १७ जूनला विकला. गेल्या महिन्यात जी मंडळी 'सहज, हवा कशी येते ते बघायला' आली होती आणि ज्यांनी तुमच्या बाथरूमचे नळही सोडून पाहिले, तेच नवे मालक. तुम्ही त्यांना चहा दिलात, त्याबद्दल आभारी आहे. सौद्यात त्याचा उपयोग झाला.

तुम्ही लगेच करार काढाल आणि 'डिसेंबरअखेरपर्यंत मुदत आहे' म्हणाल. मुदत आहेच. पण करार आहे लिव्ह अँड लायसन्सचा. आपण एकमेकांना मालक-भाडेकरू म्हणतो ते बोलण्यापुरतं. कागदावर तुम्ही फक्त परवानाधारक. भाडेपट्टा असता तर तो घराबरोबर नव्या मालकाकडे गेला असता. परवान्याचं तसं नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ सांगतं की, परवाना देणाऱ्याने मिळकत विकली तर घेणाऱ्यावर तो परवाना आपोआप बंधनकारक होत नाही. आमच्या वकिलांनी हे कलम मोठ्याने वाचून दाखवलं. पुढे ६३ आणि ६४ ही कलमं होती. परवाना गेला तरी सामान हलवायला वाजवी मुदत मिळते. आणि पैसे घेऊन दिलेला परवाना तुमचा दोष नसताना मधेच संपला, तर परवाना देणाऱ्याकडून, म्हणजे माझ्याकडून, भरपाई मागता येते. तिथे मी वकिलांना चहा घेता का, असं विचारलं.

नवे मालक मात्र सज्जन आहेत, डिसेंबरपर्यंत राहू देतील. तसं ते तोंडी म्हणाले आहेत. लेखी मागून त्यांना उगाच दुखवू नका. त्यांनी तुमच्याशी आपल्या नावाने नवा करार करावा आणि तो नोंदवावा, असं तुमच्या मनात येईल. पण करार नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकाची, आणि नवी माणसं आत्ताच स्टँप ड्युटी भरून दमली आहेत.

आता भाड्याचं. यापुढचे २२,००० रुपये माझ्या खात्यात टाकू नका. नव्या मालकांच्या मेहुण्यांचा क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर पाठवला आहे, त्यावर टाका. मालकांचं नाव एक, कोडवर नाव दुसरंच, म्हणून बिचकू नका. घरचाच माणूस आहे. काही शंकेखोर लोक अशा वेळी विक्रीच्या दस्ताची सूची क्रमांक दोन मागतात. तिच्यात घेणाऱ्याचं नाव, दस्त क्रमांक आणि नोंदणीची तारीख असते, आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही शोधता येते. वर ते जुन्या आणि नव्या मालकाच्या सहीचं एकच पत्र मागतात, ज्यात भाडं कोणत्या तारखेपासून कोणत्या खात्यात जायचं हे लिहिलेलं असतं. तुम्ही त्यातले नाही, हे मी नव्या मालकांना ठासून सांगितलं आहे.

जूनचं भाडं तुम्ही ५ तारखेलाच मला दिलंत. १७ ते ३० जून हे चौदा दिवस घर त्यांचं होतं, तेव्हा त्यांच्या हिशेबाने १०,२६६ रुपये त्यांचे निघतात. खरं तर हा माझा आणि त्यांचा हिशेब. विक्रीची खबर तुम्हाला आज मिळते आहे, आणि त्याआधी करारानुसार देय तारखेला भरलेलं भाडं तुम्ही पुन्हा का भरावं, असं कोणीही विचारेल. पण ते फोन तुम्हालाच करतील, कारण मी त्यांचा उचलत नाही.

राहता राहिलं डिपॉझिट. ७५,००० रुपये. ते 'ॲडजस्ट' झालं आहे. मी त्यांना म्हटलं, एवढी रक्कम किमतीतून वजा करा आणि भाडेकरूला तुम्हीच परत द्या. ते 'बघू' म्हणाले. विक्रीखतात याचा उल्लेख नाही, कारण दस्त आधीच लांबला होता. म्हणजे घर सोडताना तुम्ही त्यांच्याकडे जाल, ते 'आम्हाला मिळालंच नाही' म्हणतील, आणि तुम्ही माझ्याकडे याल. तेव्हा मी मुलीकडे बंगळुरूला असेन. डिपॉझिट घेतल्याची पोच ज्याच्या सहीची, त्याच्याकडूनच मागावं, आणि नव्या मालकाने 'एवढी रक्कम माझ्याकडे आली' असं लिहून देईपर्यंत जुन्याला सोडू नये, हा सोसायटीच्या सेक्रेटरींचा सल्ला तुमच्या कानावर आला असेल, तर त्यांचं आणि माझं पार्किंगवरून भांडण आहे हे लक्षात घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
माजी घरमालक

ता. क. सोबत या पत्राची पोच जोडली आहे. 'डिपॉझिटबाबत पूर्वीच्या मालकांविरुद्ध काहीही तक्रार नाही' हे वाक्य तुमचा वेळ वाचावा म्हणून मीच टाइप करून ठेवलं आहे. सही तेवढी करून वॉचमनकडे द्या.