कार्यक्रमपत्रिकेचे तक्तारोहण

परिषदेची कार्यक्रमपत्रिका आगाऊ वाटणे आयोजकांच्या प्रतिष्ठेस बाधक असल्यामुळे, कोणा उत्साही प्रतिनिधीने मोबाईलवर टिपलेली तिची तिरपी पाने अंगठ्याच्या छायेसह हाती येतात. आणि त्यांतून वेळ, सभागृह व विषय यांच्या क्रमाने तक्ता सिद्ध करण्याची कामगिरी ज्याच्याकडे येते, त्याला प्रथम असे आढळते की दुपारी २.०० चा परिसंवाद सकाळच्या १०.०० च्या उद्घाटनाआधीच उरकला आहे. ‘दुपारी’ हा शब्द मथळ्यात एकदाच छापून मुद्रकाने शाई वाचवलेली असते. संगणकाला मथळ्याचा मुलाहिजा नाही. शिवाय वेळ केवळ अक्षरे म्हणून नोंदली, तर तुलना पहिल्या अक्षरापासून होऊन १०.०० हे ९.०० च्या आधी बसते, सबब ०९.०० आणि १४.०० अशी चोवीस तासांची नोंद केल्यावाचून गत्यंतर नाही.

विषयवार लावणी त्या मानाने सोपी, कारण बहुतेक सत्रांचा विषय ‘दिशा आणि आव्हाने’ हाच असतो.

सभागृहांची तऱ्हा निराळी. एका पानावरचे ‘सभागृह क्र. २’ पुढील पानावर दिवंगत देणगीदाराच्या नावाने अवतरते, आणि तक्ता इमानाने दोन दालने उभारतो. ही दोन्ही दालने कधीच एका वेळी भरत नाहीत, एवढीच काय ती संशयाची खूण. उलट एकाच दालनात एकाच घटकेस दोन अध्यक्ष विराजमान दिसले, तर अंधुक छायाचित्रात १ आणि ९ यांची गल्लत झाली असावी असे समजून मूळ पान ताडून पाहावे. अर्थात प्रश्न अध्यक्षपदाचा असल्यामुळे पत्रिका अचूक असण्याचाही संभव आहे.