सेक्रेटरी कुत्र्याला चावले

मराठी माणसाच्या इंग्रजीची टिंगल करायची झाली की ‘आय मँगो ईट’ हे वाक्य हमखास पुढे येतं. प्रत्यक्षात असं बोलणारा कुणी भेटत नाही. कर्ता, मग क्रियापद, मग कर्म हा क्रम शाळेत इतका घोटून घेतलेला असतो की दहावीला काठावर सुटलेल्याचं क्रियापदही मुकाट्याने मधे जाऊन बसतं. मराठी रचना आत शिरते ती दुसऱ्याच वाटांनी.

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या फलकावर सेक्रेटरीसाहेबांनी लावलेली ही सूचना पाहा: ‘द पंप ऑपरेटर यस्टरडे डिड नॉट कम. व्हाय ही डिड नॉट कम? नोबडी नोज व्हेअर वॉज ही. द न्यू ऑपरेटर इज माय नेफ्यू ओन्ली.’

स्पेलिंग एकही चुकलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंग्रजीच्या बाईंनी मात्र लाल पेन काढलं आणि चारही वाक्यांवर खुणा केल्या.

‘‘बाई, शब्द तर सगळे बरोबर आहेत!’’ साहेब म्हणाले.

‘‘शब्द बरोबर आहेत हो, बसलेत चुकीच्या खुर्चीवर.’’

पहिल्या वाक्यातला ‘यस्टरडे’ घ्या. ‘ऑपरेटर काल आला नाही’ असं आपण म्हणतो आणि तो ‘काल’ तिथेच ठेवून इंग्रजीत जातो. मराठीत हे खपतं, कारण कोण कर्ता आणि कोण कर्म हे प्रत्यय सांगतात. ‘कुत्रा सेक्रेटरींना चावला’ म्हणा की ‘सेक्रेटरींना कुत्रा चावला’, इंजेक्शन सेक्रेटरींनाच घ्यावं लागतं. इंग्रजीत ‘ना’ नाही. तिथे क्रियापदाच्या आधी जो बसतो तो चावतो. ‘द सेक्रेटरी बिट द डॉग’ म्हटलं की इंजेक्शन कुत्र्याला. जागेवर एवढं अवलंबून असल्यामुळे इंग्रजी कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये फार थोड्यांना बसू देते. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’ यांना ती मुभा आहे. ‘यस्टरडे’, ‘टुमारो’ यांना नाही. ते सहसा वाक्याच्या शेवटी जातात किंवा अगदी सुरुवातीला. कर्त्याला चिकटून काल-उद्या दिसले की उचलून टोकाला ठेवायचे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात साहेबांनी कमाल केली आहे. जिथे क्रम फिरवायचा तिथे फिरवला नाही आणि जिथे फिरवायचा नव्हता तिथे हौसेने फिरवला. दोष मराठीच्या साधेपणाचा. ‘तो कुठे होता?’ असं विचारा किंवा ‘तो कुठे होता ते कुणालाच ठाऊक नाही’ असं सांगा, ‘तो कुठे होता’ हे तीन शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीला मात्र दोन मांडण्या लागतात. सरळ प्रश्नात सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे येतं: ‘व्हाय डिडन्ट ही कम?’ तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की कर्ता पुन्हा पुढे: ‘नोबडी नोज व्हेअर ही वॉज.’ म्हणून ‘व्हाय’, ‘व्हेअर’, ‘व्हेन’ दिसला की लगेच पुढचा शब्द बघायचा. प्रश्न थेट विचारलेला असेल तर तिथे ‘डिड’, ‘इज’, ‘वॉज’ असं काहीतरी हवं. आधी ‘टेल मी’ किंवा ‘आय डोन्ट नो’ असेल तर तिथे कर्ता हवा. प्रश्नार्थक शब्द स्वतःच कर्ता असेल, जसं ‘हू केम?’, तर काहीच हलवायचं नाही.

राहिला भाचा. साहेबांना म्हणायचं होतं, ‘नवा ऑपरेटर माझा भाचाच आहे’, म्हणजे घरचा माणूस, काळजी नको. मराठी ‘च’ शब्दाच्या पाठीला चिकटतो, म्हणून ‘ओन्ली’ही ‘नेफ्यू’च्या मागे गेला. इंग्रज वाचकाला यातून कळेल की हा नुसताच भाचा आहे, पंपातलं त्याला काही कळत नाही. असा ठासून सांगणारा ‘च’ इंग्रजी बोलताना बहुतेकदा आवाजाच्या जोराने येतो, त्याला वेगळा शब्द लागतच नाही. तेव्हा वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ आला की तो काढून वाक्य वाचून पाहायचं. अर्थ शाबूत राहिला तर तो मराठी ‘च’ होता. ‘फक्त’ हा अर्थ खरोखर हवा असेल, तर ज्या शब्दाला तो लावायचा त्याच्या आधी ठेवणं सुरक्षित.

आपसात बोलताना ‘टुडे ओन्ली आय केम’ने कुणाचं अडत नाही, भारतीय इंग्रजीत ते इतकं रुळलंय की ऐकणाऱ्याला खटकतही नाही. पण नोकरीचा अर्ज किंवा परदेशी ग्राहकाला पत्र धाडण्याआधी कालवाचक शब्द, प्रश्नार्थक शब्द आणि ‘ओन्ली’ यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि प्रत्येकाचा शेजारी कोण आहे ते तपासा.