खेदाची जागा

माझी पुतणी साताऱ्याच्या एका शाळेच्या कार्यालयात आहे. गेल्या महिन्यात तिथे गणिताच्या शिक्षकाची एक जागा भरायची होती आणि मुलाखतीला 43 जण आले. म्हणजे एकाला आनंदाचा मेल आणि 42 जणांना दुसरा. त्या दुसऱ्याचा मसुदा रात्री साडेदहाला माझ्या फोनवर आला. खाली ओळ होती, "काका, जरा शुद्धलेखन बघता का? सकाळी पाठवायचंय."

सांगलीच्या एका छापखान्यात मी तीस वर्षं प्रुफं वाचली. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, साखर कारखान्यांचे अहवाल, सगळं हाताखालून गेलं. नकाराचं प्रूफ मात्र कधी आलं नव्हतं. लोक नकार छापून घेत नाहीत, तोंडी देतात. तोसुद्धा 'पत्रिका जुळत नाही' असा, म्हणजे दोष ग्रहांचा.

चष्मा लावून वाचायला घेतलं: "आपण आमच्या संस्थेत दाखविलेल्या स्वारस्याबद्दल मन:पूर्वक आभार मानून, प्राप्त अर्जांची तज्ञ समितीने काळजीपूर्वक छाननी केल्यानंतर, आपणास कळविल्याबद्दल आम्हाला अत्यंत खेद होतो की, सदर पदासाठी आपली निवड करण्यात आलेली नाही."

बारीकसारीक चुका आधी काढल्या. 'मनःपूर्वक'मध्ये विसर्ग हवा, तिथे तिने कोलन मारला होता. दिसायला दोन्ही ठिपक्यांची जोडीच, पण एक अक्षराचा भाग आहे आणि दुसरं विरामचिन्ह. 'तज्ञ'चं 'तज्ज्ञ' केलं. मग 'आपणास'वर ठिपका दिला: 'आपणांस'. मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये लेखनाचे 14 नियम केले आणि 1972 मध्ये आणखी 4 घातले. त्यांतलाच एक नियम सांगतो की आदरार्थी बहुवचनालाही हा अनुस्वार द्यावा. म्हणजे आमच्या भाषेत आदर डोक्यावरच्या एका ठिपक्यात मावतो, आणि घाईत पहिला गळतो तोच.

शेवटी तिने मोठ्या अक्षरात 'क्षमस्व' लिहिलं होतं. ते मी खोडलं. 'क्षमस्व' हे संस्कृतातलं एकवचनी आज्ञार्थी रूप आहे, 'तू क्षमा कर'. वर सगळीकडे 'आपण आपण' करायचं आणि निरोप घेताना एकदम अरेतुरेवर यायचं, हे काही बरं दिसत नाही.

खरी गोम 'कळविल्याबद्दल'मध्ये होती. तिला फोन केला तेव्हा उलगडा झाला. वरून आलेल्या इंग्रजी मसुद्यात 'वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू' होतं, तिने ते इमानेइतबारे मराठीत आणलं. इंग्रजीत 'रिग्रेट टू इन्फॉर्म' म्हणजे आता जे सांगतोय ते सांगताना वाईट वाटतंय. 'रिग्रेट इन्फॉर्मिंग' म्हणजे सांगून बसलो आणि आता पस्तावतोय. मराठीत हाच फरक 'कळविताना' आणि 'कळविल्याबद्दल' यांत आहे. मी म्हटलं, "अगं, अजून कळवलंच नाहीस, तर कळविल्याबद्दल खेद कसला?"

"मग 'कळविण्यास खेद होतो की' करू?"

ते चूक नाही. पण त्या 'की'पाशी मी अडलो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी आणि 'नाही' त्याच्याही मागे. तिच्या वाक्यात आभार, अर्ज, समिती, छाननी अशी सगळी वरात पुढे निघून जाते आणि 'नाही' अगदी शेवटच्या बैलगाडीतून येतो. तोवर वाचणारा जीव मुठीत धरून बसलेला. त्यातून फोनवर मेल न उघडता पहिल्या सातआठ शब्दांचंच दर्शन होतं. तिथे 'मनःपूर्वक आभार' दिसलं की घरात पेढ्यांची भाषा सुरू होते, आणि साताऱ्यात कंदी पेढ्याला वेळ लागत नाही.

यावर मराठीतच उपाय आहे. 'की'ऐवजी 'हे' वापरायचं. "आपली निवड झालेली नाही, हे आपणांस कळविताना खेद वाटतो." नकार आधी येतो आणि खेद त्याच्या मागोमाग, सुतकाच्या घरी शेजारी येतो तसा. शिवाय 'करण्यात आलेली नाही' म्हटलं की कुणीतरी बसून, ठरवून केली नाही असं वाटतं. 'झालेली नाही'त तेवढी धार नाही. आणि 'अपात्र' हा शब्द तर चुकूनही नको. 42 जण पात्रच होते, खुर्ची एक होती.

मला माझंच एक पाकीट आठवलं. आमच्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लोखंडी नांगरांच्या कारखान्याच्या त्या गावातून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, तेच पुढे 'किर्लोस्कर' झालं, मग 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर'. ही मासिकं पुढे पुण्याला गेली, पण आमच्याकडे कथा लिहून पाठवण्याचा रोग मागे राहिला. तो मलाही जडला. कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायची रीत होती. त्यामुळे पोस्टमनच्या हातात दुरूनच स्वतःचं अक्षर दिसायचं आणि पाकीट फोडायच्या आधीच सगळं कळायचं. आत चिठ्ठीवर दोनच शब्द: 'साभार परत'. कोणत्या मासिकाची, ते सांगत नाही. पण त्या दोन शब्दांत एकही शब्द काढता येत नाही की घालता येत नाही. त्यांत 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा' नव्हत्या, हेही उपकारच. वाटचाल पोस्टापर्यंतच होती.

साडेअकराला मसुदा असा झाला:

"आपण साताऱ्याला येऊन मुलाखत दिलीत, त्याबद्दल आभार. गणित शिक्षकाच्या जागेसाठी आपली निवड झालेली नाही, हे आपणांस कळविताना खेद वाटतो. जागा एकच होती. मूळ प्रमाणपत्रे आमच्याकडे राहिली असल्यास कार्यालयातून घेऊन जावीत."

'भविष्यात आपला नक्की विचार करू' हे वाक्य मी विचारून काढलं. "करणार आहात का?" म्हटलं. ती हसली. विषयाच्या जागी 'निकाल' होता, तिथे 'मुलाखतीबाबत निर्णय' केलं. पत्ते 'प्रति'मध्ये एकापुढे एक न लावता प्रत्येकाला वेगळा मेल जाऊ दे, असंही सांगितलं. नाहीतर 42 जणांना एकमेकांची पडझड फुकटात वाचायला मिळते.

सकाळी दहाला मेल गेले. साडेदहाला तिचा फोन. आवाज पडलेला.

"काका, यादीतून एक नाव काढायचं राहिलं. 43 जणांना गेला."

"म्हणजे ज्या बाईंची निवड झाली, त्यांनाही?"

"त्यांनाही. आता त्यांना काय लिहू?"

मी चष्मा लावला आणि रात्री खोडलेली ओळ शोधली. छापखान्यात चुकून खोडलेला मजकूर पुन्हा हवा असला की त्याखाली टिंबं देतात, म्हणजे 'हे राहू द्या'. मनातल्या मनात टिंबं दिली आणि तिला सांगितलं:

"लिही. 'आपली निवड झालेली नाही असे कळविल्याबद्दल आम्हांला अत्यंत खेद होतो.' आता ते बरोबर आहे."